सहल पुढे ढकलली, तिकिटे तीस माणसांची: रेल्वेकडून परतावा घेताना काय आधी करायचे आणि काय नंतर

सहल पुढे गेली की बहुतेक मंडळांचा सचिव पहिल्यांदा लेटरहेड काढतो. “काही अपरिहार्य कारणास्तव आमची सहल पुढे ढकलण्यात आली असून सोबत जोडलेल्या तिकिटांचा पूर्ण परतावा मिळावा ही नम्र विनंती.” खाली अध्यक्षांची सही, संघाचा शिक्का. हा कागद आरक्षण कार्यालयात दिला, पोच घेतली, की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात तिकिटे जिवंतच असतात आणि गाडी सुटायचे घड्याळ चालूच असते.

अर्ज दिल्याने तिकीट रद्द होत नाही. ते खिडकीवर फॉर्म भरून किंवा ऑनलाइन बटण दाबून रद्द करावे लागते आणि परताव्याची रक्कम त्या क्षणाच्या वेळेवर ठरते. सहल का ढकलली याच्याशी रेल्वेला कर्तव्य नाही. गाडी वेळेवर जाणार आहे, तुम्ही जाणार नाही, म्हणजे हे तुमच्या बाजूने रद्द करणे झाले आणि त्यात कपात होणारच. ती कमीत कमी कशी राहील, एवढेच आपल्या हातात असते.

खालचे टप्पे एका खऱ्या हिशोबावरून लिहिले आहेत. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची मिरज ते तिरुपती सहल होती, माणसे तीस, गाडी शनिवारी दुपारची. मंगळवारी रात्री एका भावकीत मृत्यू झाला. दोन कुटुंबांतली नऊ माणसे सुतकात आली आणि सहलीची सगळी सूत्रे त्यांच्यातल्याच एकाकडे होती. देवदर्शनाची सहल, त्यामुळे चर्चेला जागाच नव्हती. सहल पुढे ढकलली. ही गोष्ट २०२४ च्या डिसेंबरातली आहे. हिशोब सोपा व्हावा म्हणून भाडे गोल आकड्यांत धरले आहे.

## टप्पा १: रद्द करण्याआधी दोन प्रश्न

गाडी रेल्वेच रद्द करण्याची शक्यता आहे का? सहल पूर, दरड किंवा आंदोलनामुळे ढकलली असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा. गाडी रेल्वेने रद्द केली तर पूर्ण भाडे परत मिळते. ई-तिकिटाचे पैसे काही न करता आपोआप खात्यात येतात, तर खिडकीवरचे तिकीट गाडीच्या नियोजित वेळेपासून तीन दिवसांच्या आत जमा करावे लागते. पण रेल्वेने जाहीर करण्याच्या तासभर आधी तुम्ही घाईने तिकीट रद्द केले, तर तुमची कपात होऊन गेली, ती परत येत नाही.

म्हणून मार्गावर पाणी आले असेल, आदल्या दिवशीच्या गाड्या रद्द होत असतील, तर पुढची कपात-सीमा, म्हणजे कपात वाढण्याची वेळ, येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे. सीमा ओलांडून मात्र थांबू नका, कारण गाडी धावली तर जास्त फटका बसू शकतो. आमच्या बाबतीत गाडी व्यवस्थित चालू होती, त्यामुळे हा प्रश्न दोन मिनिटांत निकालात निघाला.

नवी तारीख ठरली आहे का? हा रस्ता बहुतेकांना माहीतच नसतो. खिडकीवरून काढलेल्या तिकिटाची प्रवासतारीख एकदा पुढे किंवा मागे करून मिळते. अट अशी की मूळ तिकीट गाडी सुटण्याच्या किमान ४८ तास आधी, कार्यालयाच्या वेळेत जमा केले पाहिजे आणि नव्या तारखेला जागा शिल्लक पाहिजे. रद्द करून पुन्हा काढण्यापेक्षा यात पैसे कमी जातात. आमच्या वेळी ऑनलाइन तिकिटाला ही सोय नव्हती.

तीस माणसांच्या गटाला मात्र हे सहज जमत नाही. आरक्षण ६० दिवस आधी उघडते आणि ढकललेली सहल साधारण त्याच ६० दिवसांत बसवायची असते. तोवर त्या गाडीला एकगठ्ठा जागा राहिलेली नसते. शिवाय ही बदली एकदाच मिळते. तारीख नक्की नसताना “बघू, महिनाभर पुढे टाकून ठेवू” म्हणून बदल करून घेतला, तर दुसऱ्यांदा रद्द करण्याशिवाय काही उरत नाही. आमच्याकडे नवी तारीख नव्हती. आम्ही रद्दचाच रस्ता धरला.

> तपासा: शाळा-कॉलेजची सहल असेल आणि सहल ढकललेली नसून काही मुले गळली असतील, तर रद्द करण्याआधी नावबदलाची सोय पाहा. संस्थेच्या प्रमुखाच्या लेखी पत्रावर, ४८ तास आधी, एका विद्यार्थ्याच्या जागी त्याच संस्थेतला दुसरा विद्यार्थी घालता येतो. मर्यादा गटाच्या १० टक्क्यांची. ज्येष्ठ नागरिक संघ किंवा महिला मंडळाला ही सोय लागू नाही.

## टप्पा २: तिकिटांची वही

गटाची सहल म्हणजे एक तिकीट नव्हे. एका फॉर्मवर, म्हणजे एका पीएनआरवर, सहा माणसे बसतात. त्यामुळे तीस माणसांची जायची तिकिटेच पाच होतात आणि यायची आणखी पाच. ती पाच हातांनी, तीन ठिकाणी, वेगवेगळ्या दिवशी काढलेली असतात. गोंधळाचे मूळ इथे आहे.

वहीत एका पानावर, एका ओळीत एक पीएनआर, असे लिहा: पीएनआर क्रमांक, गाडी आणि तारीख, वर्ग, माणसे किती, कुठून काढले (खिडकी, स्वतःचे ऑनलाइन खाते की एजंट), पैसे कसे भरले (रोख, यूपीआय, कार्ड), मूळ तिकीट आत्ता कोणाकडे आहे, आणि आजची स्थिती काय. शेवटचा रकाना तिकिटावरून उतरवू नका. रेल्वेच्या १३९ या चौकशी क्रमांकावर किंवा पीएनआर चौकशीत पाहून लिहा. तिकीट काढताना वेटिंग असलेला माणूस आज `CNF`, म्हणजे पक्का, झालेला असू शकतो, आणि त्याने कपात बदलते.

आमची जायची पाच तिकिटे अशी निघाली:

- पहिली तीन: स्लीपर, मिरजेच्या खिडकीवरून रोखीने, अठराही जागा पक्क्या. भाडे माणशी ४५० रुपये.
- चौथे: स्लीपर, खिडकीवरून रोखीने. चार पक्के, दोन अजून वेटिंगवर. भाडे तेच.
- पाचवे: थ्री-एसी, सहा जण, सगळे पक्के. भाडे माणशी १२०० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १२६० रुपये. हे तिकीट एका सभासदाच्या बंगळुरूतल्या मुलाने स्वतःच्या खात्यावरून काढले होते.

पहिल्या तीनपैकी एक मूळ तिकीट सुतक असलेल्या घरात, कपाटात होते. अशा घरी जाऊन “ते तिकीट देता का” म्हणणे जड जाते, पण त्याच दिवशी गेलो. खिडकीवरच्या तिकिटाचा परतावा मूळ कागदावर मिळतो. मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स तिथे चालत नाही.

> इशारा: मूळ तिकिटे एकाच माणसाच्या हाती गोळा होईपर्यंत कार्यालयाकडे निघू नका. पण एक तिकीट सापडत नाही म्हणून बाकीची चार अडकवूनही ठेवू नका. प्रत्येक पीएनआर स्वतंत्र आहे.

## टप्पा ३: तास मोजा, दिवस नव्हे

“दोन दिवस आधी रद्द करायचे” हे वाक्य घात करते. सीमा तासांची आहे आणि ती तिकिटावर छापलेल्या सुटण्याच्या वेळेपासून मागे मोजायची. शनिवारी दुपारच्या गाडीचे ४८ तास गुरुवारी दुपारी संपतात. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसमधून येता येता खिडकीवर गेलात की पुढच्या कपातीत गेलात.

२०१५ च्या परतावा नियमांप्रमाणे, आमच्या सहलीच्या वेळी चालू असलेला तक्ता थोडक्यात असा होता:

- ४८ तासांहून आधी: माणशी ठरलेली कपात. सेकंड क्लासला ६०, स्लीपरला १२०, थ्री-एसीला १८०, टू-एसीला २००, फर्स्ट एसीला २४० रुपये.
- ४८ ते १२ तास: भाड्याच्या २५ टक्के, पण वरच्या रकमेपेक्षा कमी नाही.
- १२ ते ४ तास: भाड्याच्या ५० टक्के, पुन्हा किमान तीच.
- त्यानंतर पक्क्या तिकिटाला काही नाही. पक्क्या तत्काळ तिकिटाला तर कधीच काही नाही.

एसी वर्गाच्या कपातीवर जीएसटीही लागतो. तासांच्या या सीमा रेल्वे बदलत असते आणि काही नव्या गाड्यांना त्या वेगळ्या आहेत. म्हणून शेजारच्या मंडळाने गेल्या वर्षी काय केले हे विचारण्यापेक्षा, रद्द करायच्या दिवशी आपल्या गाडीला लागू असलेला तक्ताच बघा.

तक्त्यातला “किमान” हा शब्द लोक वाचत नाहीत. ४५० चे २५ टक्के म्हणजे ११२ रुपये ५० पैसे, पण किमान कपात १२०. म्हणजे आमच्या स्लीपरच्या पक्क्या तिकिटांना ४८ तासांआधी आणि नंतरच्या पहिल्या टप्प्यातही १२० च जाणार होते. थ्री-एसीला मात्र १८० चे ३०० होणार होते. स्वस्त तिकिटाला पहिली सीमा चुकली तरी फरक पडत नाही, महाग तिकिटाला लगेच पडतो. पळापळ कुठे करायची, ते इथून कळते.

## टप्पा ४: कोणते तिकीट आधी

सगळेजण हातात असलेल्या तिकिटांपासून सुरुवात करतात. क्रम असा ठेवा.

आधी एसीची पक्की तिकिटे. कारण वर आलेच आहे.

मग अर्धवट पक्के तिकीट. आमचे चौथे तिकीट. एकाच तिकिटावर काही पक्के आणि काही वेटिंग किंवा आरएसी असतील आणि संपूर्ण तिकीट एकदम रद्द केले, तर पक्क्या माणसांनाही फक्त क्लार्केज कापून बाकी भाडे मिळते. क्लार्केज, म्हणजे रेल्वेचे कारकुनी शुल्क, माणशी ६० रुपये. म्हणजे सहा जणांचे ३६०. हेच सहाही जण पक्के असते तर ७२० गेले असते.

हे तिकीट दुसऱ्या क्रमांकावर ठेवण्याचे कारण गमतीचे आहे. इतर लोकही आपापली तिकिटे रद्द करत असतात, त्यामुळे तुमचे वेटिंग पुढे सरकते. आज अर्धवट असलेले तिकीट उद्या पूर्ण पक्के झाले की कपात दुप्पट. एरवी वेटिंग पक्के व्हावे म्हणून आपण देव पाण्यात ठेवतो, इथे ते तसेच राहावे असे वाटत होते.

याच तिकिटावर एक नेहमीची चूक होते. “वेटिंगवाल्यांचे आपोआप रद्द होईल, आपण चार पक्के तेवढे रद्द करू.” असे तुकडे पाडले की संपूर्ण तिकीट एकदम रद्द करण्याची अट मोडली. शिवाय खिडकीवरचे वेटिंग तिकीट आपोआप रद्द होऊन पैसे घरी येत नाहीत. ती सोय पूर्ण वेटिंग असलेल्या ई-तिकिटाची आहे. खिडकीवरचे वेटिंग तिकीट गाडीच्या अर्धा तास आधीपर्यंत रद्द करावेच लागते.

शेवटी स्लीपरची पक्की आणि मग परतीची तिकिटे. परतीच्या गाडीचे घड्याळ वेगळे चालते आणि आठवडाभराने सुटणाऱ्या गाडीला वेळ असतो. तिरुपतीहून सुटणारे तिकीट मिरजेच्या खिडकीवरही रद्द होते. मात्र जायचे तिकीट रद्द झाले म्हणून यायचे आपोआप रद्द होईल असे समजू नका. अशी विसरलेली परतीची तिकिटे मी दोन मंडळांत पाहिली आहेत. एकाला ती आठवली तेव्हा गाडी गुंतकलच्या पुढे आली होती.

## टप्पा ५: खिडकीवर

आरक्षणाचा आणि रद्द करण्याचा फॉर्म एकच असतो. प्रत्येक पीएनआरला एक फॉर्म घरून भरून न्या. त्यावर पीएनआर, गाडी क्रमांक, तारीख, वर्ग, रद्द करायच्या माणसांची नावे, अर्जदाराचे नाव, पत्ता, सही असते. पाच फॉर्म खिडकीशी उभे राहून भरायला लागलात की मागची रांग तुमचा उद्धार करते आणि घाईत पीएनआरचा एक आकडा चुकतो.

निघण्यापूर्वी प्रत्येक तिकिटाची झेरॉक्स काढा, कारण मूळ तिकीट क्लार्क ठेवून घेतो. नंतर सभासद “माझे भाडे नक्की किती होते” म्हणाला तर तुमच्याकडे तेवढाच पुरावा उरतो.

खिडकीवर सांगायचे एकच वाक्य: “तीन तिकिटे पूर्ण रद्द, आणि हे चौथे अर्धवट वेटिंगचे आहे, तेही पूर्ण रद्द.” चौथे वेगळे सांगण्याचे कारण, त्याची कपात वेगळी आहे हे तुम्हाला माहीत आहे, ते क्लार्कलाही कळते. कारण सांगत बसू नका. सुतकाची हकिगत मी सांगायला लागलो तेव्हा क्लार्क म्हणाला, “काका, माणसे किती तेवढे सांगा.” त्याचे बरोबर होते.

प्रत्येक तिकिटामागे रद्द केल्याची पावती मिळते. खिडकी सोडण्याआधी त्यावर तीन गोष्टी पाहा: पीएनआर, माणसांची संख्या, परताव्याची रक्कम. आमची पहिली तीन तिकिटे प्रत्येकी सहा जणांची, भाडे २७०० आणि कपात ७२०, म्हणजे प्रत्येकी १९८० रुपये यायला हवे होते. चौथ्यावर कपात ३६०, परतावा २३४०. आकडे आधीच पेन्सिलीने वहीत लिहून नेले होते, त्यामुळे जुळवायला अर्धे मिनिटही लागले नाही.

रोखीने काढलेल्या तिकिटाचे पैसे रोख मिळतात. कार्डाने किंवा यूपीआयने भरले असतील तर ते त्याच खात्यात परत जातात, क्लार्ककडे रोख मागून उपयोग नाही. मोठी रक्कम असेल तर अगदी खिडकी उघडता उघडता जाऊ नका, गल्ल्यात तेवढी रोकड जमलेली नसते.

> खिडकी बंद असेल तर: रविवारी आरक्षण कार्यालय बहुतेक ठिकाणी दुपारी बंद होते. तिकीट काढताना फॉर्मवर मोबाइल नंबर दिला असेल तर खिडकीवरचे तिकीटही १३९ वरून किंवा आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून रद्द करता येते. त्या नंबरवर ओटीपी येतो. घड्याळ तिथेच थांबते. पैसे मात्र नंतर मूळ तिकीट खिडकीवर देऊनच मिळतात. फॉर्मवर संघातल्या ज्या सभासदाचा नंबर लिहिला होता, तो माणूस ओटीपीच्या वेळी फोनजवळ हवा.

> तपासा: घरी आल्यावर प्रत्येक पीएनआर पुन्हा चौकशीत टाका. प्रत्येक माणसासमोर `CAN/MOD` दिसले पाहिजे. एखाद्यासमोर अजून `CNF` असेल तर तो माणूस रद्द व्हायचा राहिला आहे. सहाऐवजी पाच नावांवर खूण झाली की असे होते.

## टप्पा ६: ऑनलाइन आणि एजंटची तिकिटे

ई-तिकीट खिडकीवर रद्द होत नाही. ज्या खात्यावरून काढले त्याच खात्यात शिरून, तिकिटांच्या यादीतून, सहाही नावांवर खूण करून ते रद्द करायचे. पैसेही ज्या कार्डातून किंवा खात्यातून गेले तिथेच परत येतात. “संघाच्या खात्यात जमा करा” अशी विनंती रेल्वेकडे करून उपयोग नाही. आयआरसीटीसीचे सुविधा शुल्क परत मिळत नाही, पण ती रक्कम किरकोळ असते.

इथे आमचे चुकले. बंगळुरूच्या मुलाला बुधवारी सकाळी निरोप गेला आणि त्याने “करतो” म्हटले. तो दिवसभर कामात होता. वडिलांनी पुन्हा विचारायला संकोच केला. गुरुवारी दुपारची सीमा टळली आणि रात्री नऊला त्याने रद्द केले. माणशी १८० ऐवजी ३०० आणि त्यावर जीएसटी धरून ३१५ रुपये गेले. सहा जणांचे ११३४ व्हायचे ते १८९० झाले. फरक ७५६ रुपयांचा. पैशांपेक्षा वाईट हे की त्या भल्या माणसाने फुकट मदत केली होती आणि वर त्याच्याच वाट्याला बोल आला.

म्हणून ऑनलाइन तिकीट ज्याने काढले त्याला “रद्द कर” एवढेच सांगू नका. “गुरुवारी सकाळी दहाच्या आत कर आणि रद्द झाल्याचा स्क्रीनशॉट पाठव” असे सांगा. स्क्रीनशॉट येईपर्यंत वहीतली ती ओळ उघडी ठेवा.

अधिकृत एजंटाकडून काढलेल्या ई-तिकिटाचा प्रकार आणखी निराळा. रद्द केल्यावर परताव्याची रक्कम आणि एक ओटीपी प्रवाशाच्या मोबाइलवर येतो. तो ओटीपी एजंटाला दिला की परतावा त्याच्या हिशोबात सुटतो आणि तो तुम्हाला देतो. ही सोय प्रवाशाच्या भल्यासाठी आहे, कारण रेल्वेने नक्की किती दिले हे तुम्हाला कळते. पण तिकीट काढताना एजंटाने स्वतःचाच नंबर टाकला असेल तर तो निरोप त्याच्याकडेच जातो. आमच्या ओळखीच्या एका महिला मंडळाला एजंटाने “रेल्वेने निम्मेच दिले” असे सांगून निम्मे पैसे टेकवले होते. त्यांच्याकडे पीएनआर लिहिलेले नव्हते, त्यामुळे पडताळायलाही काही नव्हते. एजंटाचे सेवाशुल्क परत मिळत नाही, हे मात्र त्याचे म्हणणे खरे असते.

> इशारा: परताव्याच्या चौकशीसाठी इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही नंबरवर फोन करू नका. खरी चौकशी १३९ वर होते. तिथला माणूस तुमच्याकडे कार्डाचा पिन किंवा बँकेचा ओटीपी मागत नाही.

## टप्पा ७: लेटरहेड आता काढा

लेखी अर्ज लागतो तो दोनच प्रसंगी. खिडकीवर चुकीची कपात झाली असेल तेव्हा, किंवा वेळ टळल्यामुळे तिकीट रद्दच करता आले नाही तेव्हा.

चुकीच्या कपातीचा अर्ज मुख्य आरक्षण पर्यवेक्षकाच्या नावे, शक्यतो त्याच दिवशी द्या. तो छोटा असावा. नमुना:

> विषय: पीएनआर ………… वरील जादा कपातीबाबत
>
> महोदय, वरील तिकिटावर सहा प्रवासी होते. रद्द करतेवेळी चार पक्के व दोन प्रतीक्षायादीत होते. संपूर्ण तिकीट दि. …… रोजी ……. वाजता एकाच वेळी रद्द केले. अशा तिकिटावर प्रत्येक प्रवाशामागे फक्त क्लार्केज कापले जाते. पावतीनुसार कपात ७२० रुपये झाली आहे, ती ३६० असायला हवी होती. फरकाचे ३६० रुपये मिळावेत. सोबत: तिकिटाची झेरॉक्स, रद्द केल्याची पावती, रद्द करण्यापूर्वीच्या पीएनआर स्थितीची प्रत.

यात सहलीचा उद्देश, संघाची स्थापना, सभासदांची वये यातले काहीच नाही. वाचणाऱ्याला पीएनआर, वेळ आणि फरकाची रक्कम हवी असते. शेवटच्या जोडपत्रासाठीच, खिडकीवर जाण्यापूर्वी स्थितीचा स्क्रीनशॉट वेळेसह काढून ठेवा. नंतर चौकशीत फक्त `CAN/MOD` दिसते, आधी काय होते ते दिसत नाही.

दुसरा प्रसंग टीडीआरचा. पूर, रेल रोको, बंद अशा कारणाने तुम्हाला स्टेशन किंवा आरक्षण कार्यालय गाठताच आले नाही, तर गाडीच्या नियोजित वेळेपासून तीन दिवसांच्या आत स्टेशनवर तिकीट जमा करून टीडीआर, म्हणजे तिकीट जमा केल्याची पावती, घ्यायची. मग प्रवासाच्या तारखेपासून दहा दिवसांच्या आत ती मूळ पावती जोडून त्या विभागीय रेल्वेच्या परतावा शाखेकडे, मुख्य वाणिज्य व्यवस्थापकाच्या नावे, दावा पाठवायचा. ई-तिकिटाचा टीडीआर ऑनलाइन `File TDR` मधून भरतात.

टीडीआर भरला म्हणजे पैसे मिळाले असे नाही, तो अधिकाऱ्याच्या निर्णयावर असतो. आणि “सहल पुढे ढकलली” हे टीडीआरचे कारण होऊ शकत नाही. रद्द करायला विसरलो म्हणून टीडीआर भरणारे बरेच असतात; त्यांचे हात रिकामेच राहतात.

स्टेशनपर्यंत जायला एसटीची अख्खी गाडी ठरवली असेल तर ते प्रकरण वेगळे आहे. तिथे अर्ज ज्या आगारात पैसे भरले त्या आगार व्यवस्थापकाकडे, मूळ पावतीसह, गाडी निघण्याच्या दिवसाआधी द्यायचा. रेल्वेच्या गडबडीत हे हमखास राहते, म्हणून तिकिटांच्या वहीतच तिची एक ओळ लिहा.

## टप्पा ८: पैसे आले, वाटायचे कसे

आमचा जाण्याचा हिशोब असा झाला. भरले ते स्लीपरचे १०,८०० आणि एसीचे ७,५६०, मिळून १८,३६०. खिडकीवरून परत आले ५,९४० आणि २,३४०. एसीचे ५,६७०. एकूण १३,९५०, कपात ४,४१०.

आता प्रश्न असा की चौथ्या तिकिटावरच्या सहा जणांचे ६० च गेले आणि शेजारच्या तिकिटावरच्यांचे १२०. कोण कुठल्या फॉर्मवर आले हा निव्वळ योगायोग होता. आम्ही स्लीपरच्या चोवीस जणांची कपात एकत्र केली: २१६० अधिक ३६०, म्हणजे २५२०, माणशी १०५. प्रत्येकाला ३४५ रुपये परत. वर्गानुसार दोन गट करा, पण गटाच्या आत समान वाटा. तिकिटागणिक वाटायला गेलात तर तुमच्या फॉर्मवर भावजय आणि माझ्या फॉर्मवर मी का, इथपर्यंत गोष्ट जाते.

एसीचे उशिराचे ७५६ रुपये संघाच्या फंडातून भरले. मुलाच्या खात्यात ५,६७० आले, त्याने ते संघाकडे पाठवले, संघाने ६,४२६ करून सहा जणांना वाटले. हा निर्णय बैठकीत, इतिवृत्तात लिहून घेतला. सुतकातल्या कुटुंबांची कपात त्यांच्याकडून घ्यावी असे एकाने सुचवले होते. त्यावर कोणी काही बोलले नाही आणि तो विषय तिथेच राहिला.

वाटप करताना प्रत्येकाची सही घ्या आणि पावत्यांच्या झेरॉक्स त्याच वहीला टाचा. ई-तिकिटाचे पैसे प्रत्यक्ष खात्यात दिसल्याशिवाय वाटू नका. रद्द झाल्याचा निरोप लगेच येतो, रक्कम यायला काही कामाचे दिवस जातात आणि मध्ये शनिवार-रविवार आला तर आणखी.